दार पडलं आणि पाणी उलटं चाललं: तासगाव तालुक्यातल्या एका शाखा कालव्याचं प्रकरण

फेब्रुवारीतली पहाट. रब्बीचं आवर्तन चालू होतं आणि तासगाव तालुक्यातल्या आमच्या शाखा कालव्यातून पूर्ण क्षमतेने पाणी चाललं होतं. पावणेसहाच्या सुमाराला क्रॉस रेग्युलेटरच्या, म्हणजे कालव्यात आडव्या बसवलेल्या दाराच्या, हॉइस्टचा ब्रेक सुटला; हॉइस्ट म्हणजे दार उचलणारं यंत्र. वायर रोपवर लटकणारं चार मीटर रुंदीचं पोलादी दार स्वतःच्या वजनाने खाली आलं आणि उंबऱ्यावर आपटलं. चौकीदारमामांच्या सांगण्यानुसार या सगळ्याला दहा सेकंदसुद्धा लागली नसतील.

मामा धावत दाराशी गेले. पाणी एकदम फुगलं होतं, पण भिंतीच्या आत होतं. गेजपट्टीवर जवळजवळ दोन मीटर दिसत होते, म्हणजे कठड्याला अजून वीतभर नाही तरी चार बोटं तरी बाकी होती. त्यांनी मला फोन लावला. "साहेब, दार पडलंय, पर पाणी दोनवर थांबलंय, काळजी करू नका." फोन ठेवून ते हॉइस्टचं हँडल आणायला खोलीकडे वळले. हँडल घेऊन परत येईपर्यंत पाणी कठड्यावरून शेजारच्या द्राक्षबागेत पडायला लागलं होतं.

बाग काढणीला आलेली. मण्यांत साखर भरलेली असताना मुळाशी असं अचानक पाणी साचलं की मणी तडकतात, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. बागायतदार तरुण होते, भांडले नाहीत. फक्त एकच गोष्ट विचारत राहिले: "साहेब, दार पडल्यावर पाणी खाली जायचं बंद झालं, हे कळतंय. पण ते वर कसं आलं? आणि थांबलेलं पाणी परत चढलं कसं?"

त्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळ्या हिशेबांत आहेत. पहिला हिशेब पाठ्यपुस्तकात मिळतो. दुसरा मला त्या दिवशी दुपारी पाटाच्या कडेला बसून करावा लागला.

जागेची मापं आधी सांगतो. रेग्युलेटरच्या वरचा सव्वा किलोमीटरचा भाग खडकात कापलेला आहे, म्हणून तिथे नेहमीचा उतरत्या बाजूंचा काटछेद न ठेवता काँक्रीटच्या उभ्या भिंतींचा आयताकृती काटछेद दिलेला आहे. रुंदी ४ मीटर. पूर्ण पुरवठ्याला पाण्याची खोली १.५ मीटर, वेग सेकंदाला १.२ मीटर. विसर्ग होतो ७.२ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत २५४ क्युसेक. तळाचा उतार २,२०० ला १. भिंतीची उंची तळापासून २.१ मीटर, म्हणजे पाण्यावर मोकळी राहणारी उंची, फ्रीबोर्ड, ६० सेंटीमीटर. दार पडलं तेव्हा ते पूर्ण वर उचललेलं होतं आणि पाणी एकसारख्या खोलीने वाहत होतं, त्यामुळे हिशेब सोपा झाला. दार स्वतः कठड्यापेक्षा उंच आहे, तेव्हा पाणी दारावरून खाली जायचा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत एका सहकाऱ्याने फळ्यावर जो हिशेब मांडला तो चुकीचा होता, पण तो इतक्या जणांना बरोबर वाटतो की त्यावर थोडं थांबायला हवं. ते म्हणाले, पाण्याला वेग १.२. ते थांबलं तर वेगातली ऊर्जा उंचीत जाईल. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरण g ची दुप्पट, म्हणजे १.४४ भागिले १९.६२, म्हणजे सात सेंटीमीटर. "साठ सेंटिमीटर फ्रीबोर्ड असताना सात सेंटीमीटरने पाणी बाहेर कसं पडेल? भिंत खचली असणार." भिंत खचलेली नव्हती. मी सकाळीच लेव्हल लावून बघितली होती.

ऊर्जेचं ते समीकरण प्रवाह स्थिर असेल तरच लागू होतं, म्हणजे एका जागी उभं राहिलं तर खोली आणि वेग वेळेनुसार बदलता कामा नये. काठावर उभ्या माणसासमोर काय होतं? आत्ता १.५ मीटर खोल आणि वाहतं पाणी, पुढच्या सेकंदाला दोन मीटर खोल आणि ठप्प. याहून अस्थिर प्रवाह कुठला असणार! पाणी एका जागी हळूहळू थांबत नाही. दाराजवळचं पाणी आधी थांबतं, त्याच्यावर मागचं येऊन आदळतं आणि थांबतं, त्यावर त्याच्या मागचं. वाहत्या आणि थांबलेल्या पाण्यामधली ही सीमाच पायरीसारखी वरच्या दिशेने सरकत जाते. पाण्याचा एकही थेंब वर गेलेला नसतो, फक्त पायरी जाते. बागायतदारांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतकंच.

आता ही पायरी किती उंच आणि किती वेगाने जाते, हे काढायचं तर काठावरची जागा सोडावी लागते. आमच्या कालव्याच्या कडेने निरीक्षणाचा कच्चा रस्ता आहे. समजा मामा सायकलवर बसले आणि पायरीच्या बरोबरीने, तिच्याच वेगाने वर निघाले. आता त्यांना पायरी जागच्या जागी उभी दिसेल. समोरून उथळ पाणी वेगाने अंगावर येताना दिसेल, कारण पाणी खाली येतंय आणि मामा वर चाललेत, दोन्ही वेग एकमेकांत मिळवायचे. पायरीच्या मागे काठावरच्या माणसाला थांबलेलं दिसणारं पाणी मामांना सायकलच्या वेगाने मागे जाताना दिसेल. या सायकलवरून प्रवाह स्थिर आहे. आता नेहमीची समीकरणं बिनधास्त वापरता येतात.

पायरीचा जमिनीला धरून वेग c मानू. वरच्या बाजूची खोली y1, वेग V1. खालच्या, थांबलेल्या पाण्याची खोली y2. सायकलवरून पाहिलं तर समोरून पाणी V1 + c वेगाने येतं आणि मागे c वेगाने जातं. जेवढं आलं तेवढं गेलं पाहिजे:

```
y1 (V1 + c) = y2 c
c = V1 y1 / (y2 - y1)
```

हे झालं सातत्याचं समीकरण. आता संवेगाचं. पायरीतून जाताना पाण्याचा वेग V1 + c वरून c वर येतो, म्हणजे V1 एवढा कमी होतो. त्याला मंदावणारं बळ कुठून येतं? खोल बाजूच्या पाण्याचा दाब उथळ बाजूपेक्षा जास्त असतो, त्या फरकातून. पायरीची लांबी थोडी असल्याने तेवढ्या अंतरात तळाचं घर्षण आणि उताराचा परिणाम सोडून देता येतो. ही सूट नंतर अंगाशी येणार आहे, पण तूर्तास घेऊ. समीकरण आवरल्यावर उरतं ते असं:

```
(V1 + c)^2 = g y2 (y1 + y2) / (2 y1)
```

दोन अज्ञात, दोन समीकरणं. पहिल्यातला c दुसऱ्यात घातला की एकच अज्ञात y2 उरतो:

```
2 y1 V1^2 y2 = g (y1 + y2) (y2 - y1)^2
```

आमचे आकडे घातले तर डावी बाजू ४.३२ गुणिले y2. इथे बीजगणितात शिरायची गरज नाही, अंदाजाने आकडा घालून दोन्ही बाजू जुळवाव्यात. y2 = २.० घातला तर डावीकडे ८.६४ येतात, उजवीकडे ८.५८. अगदी जवळ. २.००२ घातला तर ८.६५ आणि ८.६६. तेव्हा उत्तर या दोहोंच्या मध्ये, दोन मीटरला धरून. पाणी दीड मीटरवरून दोन मीटरवर, म्हणजे पन्नास सेंटीमीटर चढलं. पायरीचा वेग १.८ भागिले ०.५०१७, म्हणजे सेकंदाला ३.५९ मीटर. ताशी तेरा किलोमीटरच्या आत. सायकलचं उदाहरण घेतलं ते उगाच नाही, मामांना खरोखरच तिच्या बरोबरीने जाता आलं असतं.

उत्तर तपासायची एक पद्धत मला आवडते, कारण तिच्यात सूत्राचा धागा दिसतो. दर सेकंदाला पायरी किती पाणी थांबवते? सायकलवरून समोरून येणारं, म्हणजे ४.७९ मीटर लांबीचं, दीड मीटर खोलीचं. एक मीटर रुंदीला हे सुमारे ७.१८ घनमीटर, म्हणजे ७,१८० किलो. त्याचा वेग १.२ ने घटतो, तेव्हा बळ सुमारे ८,६०० न्यूटन. दोन्ही बाजूंच्या दाबाचा फरक: पाण्याची घनता गुणिले g याच्या निम्मे, म्हणजे ४,९०५, गुणिले (२.००१७ चा वर्ग वजा १.५ चा वर्ग), तोही सुमारे ८,६००. जुळलं. चार मीटर रुंदीला हे बळ साडेतीन टनांच्या आसपास जातं. वाहतं पाणी थोपवायला इतका जोर लागतो आणि तो निव्वळ पाण्याच्या उंचीतून येतो, म्हणून पन्नास सेंटीमीटर चढाव लागतो. सात सेंटीमीटरच्या चढावात हा जोर आणणार कुठून?

हिशेब करायला वेळ नसेल तर एक ठोकताळा खिशात ठेवावा. चढाव सुमारे वेग गुणिले (खोली भागिले g) याचं वर्गमूळ. आमच्याकडे १.२ गुणिले ०.३९१, म्हणजे ४७ सेंटीमीटर. पूर्ण सूत्राचं उत्तर ५०. चढाव खोलीच्या तुलनेत लहान असेल तोवर हा ठोकताळा चालतो, आणि तो नेहमी थोडा कमी सांगतो.

तर मामांनी फोनवर "दोनवर थांबलंय" म्हटलं ते बरोबर होतं. समीकरणही तेच सांगतं. कठडा २.१ वर, पाणी २.० वर. मग पाणी बाहेर कसं पडलं?

पडलं ते दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणची कारणं वेगळी. सकाळी पाहणी करताना हे ध्यानात आलं म्हणून बरं झालं. एक ठिकाण दारापासून साधारण तीनशे मीटर वर. तिथे भिंतीबाहेरची माती नुसती भिजली होती, चार-पाच ठिकाणी पाणी उडाल्यासारखी ओल. दुसरं ठिकाण दाराला लागूनच. तिथे भिंतीबाहेर चर पडला होता आणि पाण्याने वाहून नेलेला काडीकचरा कठड्यावर ओळीने अडकला होता. बागेचं नुकसान याच दुसऱ्या ठिकाणाने केलं.

पहिल्या ठिकाणाचा उलगडा एका मुलाच्या मोबाइलमुळे झाला. दारापासून सातशे मीटर वर एक साकव आहे. पोरगा फवारणीच्या टाकीसाठी पाणी न्यायला पहाटे तिथे आला होता. खालून घुमल्यासारखा आवाज आला म्हणून त्याने मोबाइल काढून चित्रण केलं. मला वाटलं होतं पाण्याची उभी, फेसाळ भिंत दिसेल. तसं काहीच नाही. गुळगुळीत फुगवट्यांची रांग आली, एकामागोमाग पाच-सहा, दर तीन-चार सेकंदांनी एक. पहिला सर्वांत उंच, मागचे उतरते. साकवाच्या खांबावरच्या गेजपट्टीवर पाणी १.५० वरून एकदम वर गेलं, वरखाली डोललं आणि १.८५ च्या आसपास निवलं.

याचं कारण सायकलवरून पाहिलं की कळतं. समोरून येणारा वेग ४.७९, आणि दीड मीटर खोलीत उथळ लाटेचा वेग g गुणिले खोली याचं वर्गमूळ, म्हणजे ३.८४. गुणोत्तर १.२५. हा फ्रूड अंक साधारण १.३ ते १.४ च्या खाली असेल तोवर पायरी फुटत नाही, तिच्या मागे लाटांची रांग तयार होते. स्वित्झर्लंडमधल्या आंरी फाव्र यांनी या लाटांचे प्रयोग करून १९३५ मध्ये ते प्रसिद्ध केले. कालव्यांवर काम करणारे लोक आजही त्यांना फाव्र लाटा म्हणतात. आपल्या सूत्रातला y2 म्हणजे या लाटांची सरासरी पातळी. पहिला माथा त्या सरासरीच्या वर जातो, चढावाच्या दीडपट ते जवळजवळ दुप्पट उंचीपर्यंत. माथे तयार व्हायला काही अंतर जावं लागतं, म्हणून दाराजवळ ते दिसले नाहीत. तीनशे मीटरवर सरासरी चढाव ४४ सेंटीमीटर होता असं धरलं आणि माथा दीडपट धरला तरी ६६ सेंटीमीटर, म्हणजे पाणी २.१६ पर्यंत. कठड्याच्या सहा सेंटीमीटर वर, तेही सेकंदभर. म्हणून नुसती ओल.

पन्नासाचे ४४ का झाले, हे सांगायचं राहिलं. तेच दुसऱ्या ठिकाणाचं आणि बागायतदारांच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे.

वरचं सूत्र पायरीपुरतं खरं आहे, त्यात चूक नाही. पण आपण तळाचा उतार सोडून दिला होता. पायरी वीस मीटर गेली तोवर चालतं. पाचशे-सातशे मीटर गेल्यावर नाही. वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग तळासारखाच उतरता असतो, सातशे मीटरला ३२ सेंटीमीटर. थांबलेलं पाणी मात्र उतरतं राहू शकत नाही, ते टाकीतल्यासारखं आडवं होऊ पाहतं. आता पायरी सातशे मीटर वर गेली आहे, तिच्यापुढचं पाणी दाराजवळच्या मूळ पातळीपेक्षा ३२ सेंटीमीटर उंचावर आहे आणि पायरीमागचं पाणी तिच्याहूनही वर. मागचं सगळं पाणी आडवं व्हायचं तर दाराशी पातळी चढलीच पाहिजे. त्यामुळे पायरी ओलांडून आलेलं पाणी पूर्ण थांबत नाही, थोडा वेग राखून दाराकडे सरकत राहतं आणि तिथे पाचर भरत जातं. पाचरीला पाणी गेलं म्हणून पायरी वर जाताना बुटकी होत जाते, आणि दाराशी पाणी चढत राहतं.

किती चढतं याचा अंदाज नुसत्या पाण्याच्या ताळेबंदावर निघतो. दार बंद, वरून ७.२ घनमीटर येतच आहे. पायरी सातशे मीटर जायला लागणाऱ्या वेळात आलेलं सगळं पाणी त्याच सातशे मीटरमध्ये मावलं पाहिजे. सरासरी चढाव म्हणजे १.८ भागिले पायरीचा वेग. पायरी बुटकी झाली की मंदावते, म्हणून सरासरी वेग ३.४५ धरू. सरासरी चढाव ५२ सेंटीमीटर. पृष्ठभाग आडवा धरला तर दाराशी चढाव सरासरीपेक्षा ३२ च्या निम्म्याने, म्हणजे १६ ने जास्त, आणि पायरीपाशी १६ ने कमी. दाराशी ६८, साकवापाशी ३६. साकवावर पाणी १.८६ वर निवायला हवं होतं, पोराच्या चित्रणात १.८५ दिसत होतं. आणि दाराशी २.१८, म्हणजे कठड्याच्या आठ सेंटीमीटर वर.

वेळही जुळली. सातशे मीटर भागिले ३.४५ म्हणजे २०३ सेकंद. दार पडल्याचा क्षण मामांच्या घड्याळात नव्हता, पण हॉइस्ट सुटताना मोटरच्या पॅनेलवर ट्रिपची वेळ नोंदली गेली होती. तिथपासून चित्रणातला पहिला फुगवटा साकवावर येईपर्यंत साडेतीन मिनिटांपेक्षा थोडा कमी वेळ गेला होता. दोन घड्याळांत पाच-दहा सेकंदांचा फरक धरला तरी यापेक्षा जास्त नेमकेपणा मागू नये.

याच ताळेबंदाने दाराशी कठडा कधी ओलांडला जातो तेही काढता येतं. चढाव ६० झाला की. पायरी साडेतीनशे मीटर गेली असताना सरासरी ५१ आणि पाचरीचे ८, मिळून ५९. म्हणजे दार पडल्यापासून पावणेदोन मिनिटांत. मामांनी दोन मीटर वाचले ते पहिल्या मिनिटात. फोन, खोलीपर्यंत चालणं, हँडल काढणं यात पुढचा मिनिट गेला. पाणी "परत" चढलं नव्हतं. ते थांबलंच नव्हतं, फक्त पहिली उडी झटक्यात आली आणि पुढचे दहा सेंटीमीटर इतक्या सावकाश की डोळ्याला थांबल्यासारखं वाटलं. मी स्वतः उभा असतो तरी तेच म्हटलं असतं.

आठ सेंटीमीटरचा आकडा प्रत्यक्षात पूर्ण आला नाही. काडीकचरा कठड्यावर सहा-सात सेंटीमीटरपर्यंतच होता. कारण उघड आहे, पाणी बाहेर पडायला लागलं की लांब भिंतच सांडव्याचं काम करते आणि पातळी धरून ठेवते. मामांना हाताने दार फूटभर उचलायला वीस मिनिटांच्या वर लागली आणि तोवर पाणी सांडत राहिलं.

दाराच्या खालच्या बाजूला याच्या उलट घडलं. तिथे ओसराची लाट खाली गेली, खोली झपाट्याने उतरली. तिची चर्चा इथे करत नाही, पण ज्यांच्या कालव्याच्या अस्तरामागे झिरप साचते त्यांनी खालच्या बाजूचीही पाहणी करावी. पाणी एकदम उतरलं की अस्तराचे पॅनेल मागच्या दाबाने उचलले जातात.

या प्रकरणानंतर वरून आलेली पहिली सूचना होती की दार नेहमी पंधरा मिनिटं घेऊन हळूहळू पाडावं. ठीक आहे, पण ब्रेक सुटलेलं दार सूचना वाचत नाही. शिवाय हळू पाडल्याने काय साधतं तेही नीट पाहायला हवं. हळू पाडलं तर उभी पायरी आणि तिच्यामागचे फुगवटे टळतात, म्हणजे तीनशे मीटरवरची ओल टळते. पाचर मात्र टळत नाही. वरून पाणी येत राहिलं आणि ते जायला वाट नसेल तर पंधरा मिनिटांत पाडा नाहीतर तासात, दाराशी पातळी कठड्यावर जाणारच. त्यासाठी आधी वरचा पुरवठा कमी करायला हवा किंवा जादा पाणी बाहेर सोडणारं दार, म्हणजे एस्केप, उघडायला हवा. आमचा एस्केप या भागाच्या वरच्या टोकाला आहे आणि त्याची किल्ली त्या वेळी दुसऱ्याच चौकीवर होती.

म्हणून मी दाराच्या लगेच वर, डाव्या भिंतीत, आपोआप चालणारा बाजूचा सांडवा सुचवला. माथा पूर्ण पुरवठा पातळीच्या १५ सेंटीमीटर वर, म्हणजे तळापासून १.६५ मीटरवर. नेहमीच्या डोलाने पाणी वाया जाऊ नये म्हणून १५. सांडव्यावर ३० सेंटीमीटर पाणी चढलं असताना पूर्ण विसर्ग गेला पाहिजे:

```
Q = 1.7 L h^1.5
L = 7.2 / (1.7 x 0.164) = 26 m (सुमारे)
```

सव्वीस मीटर लांबी. तेव्हा दाराशी पाणी १.९५ वर स्थिरावेल, कठड्याच्या १५ सेंटीमीटर खाली. दार पूर्ण बंद असताना कालव्यातला वेग जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून साध्या बांधाचा सहगुणक घेतला. दार अर्धवट उघडं असेल तर कडेने वाहत्या पाण्याला हा सहगुणक लागू पडत नाही.

मसुदा पाहणाऱ्याने विचारलं, मग आता लाट येणारच नाही ना? येईल. दार पडल्याच्या क्षणी सांडव्यावर अजून पुरेसं पाणी चढलेलं नसतं. चढाव r असेल तर सांडव्यावर r वजा ०.१५ एवढंच पाणी, तेवढाच विसर्ग बाहेर जाईल आणि उरलेला थांबून पायरी बनेल. हे दोन आकडे एकमेकांशी जुळवत नेले की r सुमारे ३२ सेंटीमीटरवर मिळतो: सांडव्यातून ३.१ घनमीटर जातात, ४.१ थांबतात, आणि ४.१ थांबवायला साधारण तेवढाच चढाव लागतो. म्हणजे पन्नासाची पायरी बत्तीसवर येते, तिचे फुगवटे दीडपट धरले तरी १.९८ पर्यंत, आणि नंतर दाराशी पाणी सावकाश १.९५ पर्यंत चढून थांबतं. यावेळी खरोखर थांबतं.

दरम्यान मी मामांना दाराजवळच्या गेजपट्टीवर रंगाने एक रेघ ओढून दिली आहे, २.०० वर. दार बंद असताना पाणी या रेघेला टेकलं तर फोन नंतर, आधी हँडल. हँडलही आता खोलीत नाही, हॉइस्टच्या चौकटीलाच साखळीने बांधलेलं आहे.

सांडव्याचा आराखडा मंजुरीला गेला आहे. त्याचं पाणी डावीकडच्या ओढ्यात सोडायचं आहे. ओढ्याकाठी ज्यांचा ऊस आहे ते आजोबा मोजणीच्या दिवशी बांधावर येऊन उभे राहिले होते. सव्वीस मीटरच्या खुंट्या एका नजरेत पाहून त्यांनी विचारलं, "म्हंजे साहेब, आता दार पडलं की त्यांच्या बागेतलं पाणी माझ्या फडात?" ओढ्याची क्षमता अजून मोजायची आहे.